चौकशी आली, पण शिकवणी लागली नाही: मधे कुठे गळली ते शोधायची रीत

घरोघरी जाऊन शिकवणी देणाऱ्या कोणालाही विचारा, फोन एवढे येतात तर शिकवण्या कमी का लागतात? बहुतेक जण एकच उत्तर देतात: "लोकांना फी जास्त वाटते." आम्हीही दोन वर्षं तेच धरून चाललो होतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या आसपास, बारा-पंधरा किलोमीटरच्या टापूतल्या गावांत आमचे तीन शिक्षक मोटरसायकलने जातात. पाचवी ते दहावीची मुलं, विषय मुख्यतः गणित, इंग्रजी आणि विज्ञान. फी दोनदा कमी करून पाहिली, तरी शिकवण्या होत्या तेवढ्याच राहिल्या. मग एका हंगामातल्या सगळ्या चौकशा वहीत ओळीने मांडल्या आणि प्रत्येक घर कुठपर्यंत आलं ते पाहिलं. गळती भलत्याच जागी निघाली.

ही मांडणी म्हणजेच ग्राहकाच्या प्रवासाचा नकाशा. नाव मोठं आहे, पण त्याला एक वही, तीन महिने आणि गळालेल्या घरी परत जाऊन विचारायची तयारी एवढंच लागतं. नव्याने शिकवणीचं काम सुरू केलेल्यांसाठी ती रीत आम्ही केली त्याच क्रमाने सांगतो.

पायऱ्या घराच्या बाजूने लिहा

पहिली चूक इथेच होते. आपण आपल्या कामाची यादी करतो: फोन घेतला, माहिती पाठवली, परत फोन केला, डेमोला गेलो. या यादीत आपण किती धावपळ केली ते दिसतं, पण समोरचं घर एक पाऊल तरी पुढे आलं का, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक पायरी त्या घराने काय केलं या शब्दांत लिहा.

आमच्या भागात हा प्रवास साधारण असा होतो. मुलाचं गणित कच्चं आहे हे आईच्या लक्षात येतं. ती शाळेतल्या गुरुजींना विचारते. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 28 प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, त्यामुळे गुरुजी स्वतः घेणार नसतात, पण एखादं नाव सुचवतात. किंवा किराणा दुकानात, बचत गटाच्या बैठकीत कोणाकडून तरी नंबर मिळतो. मग मिस्ड कॉल येतो, किंवा भाच्याच्या फोनवरून व्हॉट्सअ‍ॅप. त्यानंतर बोलणं होतं, डेमोचा दिवस ठरतो, सर घरी येऊन एक तास शिकवतात, फी ठरते, शिकवणी सुरू होते, आणि दुसऱ्या महिन्याची फी हातात पडते.

यातल्या नंबर मिळण्याच्या आधीच्या गोष्टी आपल्याला मोजता येत नाहीत. दुकानात नाव ऐकून ज्यांनी फोनच केला नाही, ते आपल्या वहीत कधी येणार नाहीत. नकाशात ती जागा काढून ठेवा, पण तिथे आकडा टाकू नका. मोजणी चौकशी आली तिथून सुरू करा आणि सहाच पायऱ्या धरा: चौकशी आली, घरातल्या मोठ्या माणसाशी नीट बोलणं झालं, डेमोचा दिवस ठरला, डेमो झाला, शिकवणी सुरू झाली, दुसऱ्या महिन्याची फी आली. याहून बारीक पायऱ्या पाडल्या तर प्रत्येकीत दोन-चार घरंच उरतात आणि त्यातून काही ठरवता येत नाही.

खूण करू नका, तारीख लिहा

वहीत प्रत्येक चौकशीला एक ओळ आणि प्रत्येक पायरीला एक रकाना. रकान्यात बरोबरची खूण न करता तारीख लिहायची. खुणेवरून ते घर पुढे गेलं एवढंच समजतं. तारखेवरून किती दिवस लागले तेही समजतं, आणि आमचं उत्तर त्या दिवसांतच दडलेलं होतं. शेवटी एक रुंद रकाना "काय म्हणाले" असा ठेवा आणि त्यात त्यांचेच शब्द उतरवा. "रस नाही" असं आपण लिहितो, पण ते आपलं अनुमान असतं. त्या बाई प्रत्यक्षात म्हणाल्या होत्या, "याचे बाबा वावरातून आले का इचारून सांगतो." दोन्हींत फार फरक आहे.

मोबाइलवरच्या शीटमध्ये करायचं असेल तर पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा. A मध्ये गाव आणि घर, B चौकशी, C बोलणं, D डेमोची ठरलेली तारीख, E डेमो झाला, F शिकवणी सुरू, G दुसऱ्या महिन्याची फी. मग 58 चौकशांसाठी किती डेमो झाले ते असं मोजता येतं:

```
=COUNTA(E2:E59)
```

आणि बोलणं झाल्यापासून किती दिवसांनंतरचा डेमो ठरला ते प्रत्येक ओळीत असं:

```
=IF(D2="","",D2-C2)
```

उत्तरात तारखेसारखं काही दिसलं तर त्या रकान्याचा प्रकार बदलून आकडा करा. एवढ्यावर भागतं. आमच्या एका मॅडमनी पूर्ण हंगाम साध्या दोनशे पानी वहीतच मांडला, आणि तिची नोंद सगळ्यात चोख निघाली.

एकाच हंगामातली घरं शेवटपर्यंत पाहा

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. आमच्याकडे चौकशांची पहिली लाट तेव्हापासून पोळ्यापर्यंत असते. आम्ही शाळा उघडल्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच्या चौकशा घेतल्या. डेमोपर्यंतच्या पायऱ्या सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मोजल्या, पण पुऱ्या हिशोबाला बसलो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण ऑगस्टच्या शेवटी ज्याने विचारलं त्याचा पहिला महिना सप्टेंबर संपेपर्यंत पुरा होत नाही.

बरेच जण इथे घोळ करतात. ऑगस्टमध्ये 20 चौकशा आल्या, ऑगस्टमध्येच 8 शिकवण्या सुरू झाल्या, म्हणून वीसपैकी आठ, असं ते मांडतात. त्या आठांतली पाच घरं जुलैत विचारून गेलेली असतात. त्यामुळे मोजताना ओळ धरून आडवं जायचं. महिना धरून उभी बेरीज करायची नाही.

दुसरी काळजी दुबार नोंदींची. एकाच घरातून आधी मावशीच्या फोनवरून विचारणा येते, मग वडिलांच्या फोनवरून. आमच्या वहीत 64 ओळी होत्या. गाव आणि मुलाचं नाव जुळवून पाहिलं तेव्हा खरी घरं 58 भरली. दोन भावंडांसाठी विचारलं असेल तर एकच ओळ धरा, कारण निर्णय एकच होणार असतो.

मोजणी

58 घरांपैकी 49 घरांशी नीट बोलणं झालं. 34 घरांनी डेमोचा दिवस ठरवला. डेमो प्रत्यक्षात 19 घरी झाला. 14 घरी शिकवणी सुरू झाली आणि 12 घरांकडून दुसऱ्या महिन्याची फी आली.

आता प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीतली किती घरं गळाली ते पाहा. सुरुवातीला 58 पैकी 9. बोलणं झाल्यावर 49 पैकी 15. दिवस ठरल्यावर पुन्हा 15, पण या वेळी 34 पैकी. डेमोनंतर 19 पैकी 5. नुसता गळालेल्यांचा आकडा पाहिला तर दोन पायऱ्यांवर सारखाच 15 आहे. आधीच्या पायरीशी ताडून पाहिलं की फरक समोर येतो: बोलणं झाल्यावर साधारण तीनातलं एक घर गळतं, आणि दिवस ठरवूनसुद्धा जवळजवळ निम्मी घरं गळतात.

फीची घासाघीस व्हायची ती डेमोनंतर. तिथे गळाली फक्त पाच घरं. ज्या पंधरा घरांनी स्वतःहून "या" म्हणून दिवस दिला होता, त्यांच्याकडे आमचं शिकवणं एकदाही पोचलं नव्हतं. आम्ही फी कमी करून डेमोनंतरची पायरी दुरुस्त करत बसलो आणि गळती तिच्या आधीच होत राहिली.

सर्वांत मोठ्या गळतीचे दोन भाग करा

एवढ्यावर लगेच उपाय शोधू नका. मोठी गळती दिसली की त्याच घरांना एखाद्या फरकाने दोन गटांत वेगळं करून पाहा. गाव किती दूर, इयत्ता कोणती, फोन आईचा होता की वडिलांचा, डेमो किती दिवसांनंतरचा ठरला, असे फरक एकेक करून लावायचे. अंतराने आमच्याकडे काही कळलं नाही. बारा किलोमीटरवरची घरं आणि तीन किलोमीटरवरची घरं जवळपास सारखीच गळाली होती. इयत्तेनेही काही हाती लागलं नाही.

दिवसांनी लागलं. बोलणं झाल्यावर दोन दिवसांच्या आतला डेमो ठरलेली घरं 15 होती, त्यांतल्या 12 घरी डेमो झाला. तीन दिवस किंवा जास्त पुढचा ठरलेली घरं 19, आणि त्यांतल्या सातच घरी झाला. आम्ही शिक्षकांच्या सोयीसाठी एका बाजूची गावं एकाच दिवशी लावत होतो, म्हणून सोमवारी विचारणाऱ्याला शनिवार मिळत होता. पेट्रोल वाचत होतं, घरं जात होती.

हे आकडे लहान आहेत, हे कायम ध्यानात असू द्या. पंधरातली बारा आणि एकोणीसमधली सात हा फरक दखल घेण्याइतका आहे. पण पंधरातली नऊ आणि एकोणीसमधली दहा असं काही निघालं असतं, तर त्यावरून मी एक रुपयाचाही बदल केला नसता. एखाद्या पायरीवर दहापेक्षा कमी घरं असतील तर टक्केवारी काढूच नका, घरं नावानिशी पाहा.

गळालेल्या घरी जाऊन विचारा

आकडे गळती कुठे आहे तेवढं दाखवतात. कारण घरातल्या माणसांकडूनच मिळतं. त्या 15 पैकी 11 घरांपर्यंत मी पोचलो, काही फोनवर आणि बहुतेक प्रत्यक्ष. सुरुवातीच्या दोन फोनवर मी विचारलं, "फी जास्त वाटली का?" दोघंही "हो, तेच" म्हणाले. नंतर लक्षात आलं की एका घराला तर फी अजून सांगितलीच नव्हती. समोरच्याला नाही म्हणायची सोपी वाट दिली की तो भिडेखातर तीच धरतो. त्यानंतर मी फी हा शब्दच काढला नाही. "तुम्ही शनिवारचा दिवस दिला होता, त्या दिवशी घरी काय काय झालं?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गेलेल्या दिवसाबद्दल विचारलं की माणूस घडलेलं सांगतो. "का नाही लावली" असं विचारलं की तो कारण शोधायला लागतो.

एक घर सांगतो. आठवीतली मुलगी, कापूस आणि सोयाबीनचं पाच एकर वावर. आमच्या वहीत सरांनी लिहिलेलं होतं: "घरी कोणी नव्हतं. परत आलो." मी गेलो तेव्हा आई अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "कोणी आलंच नाही भाऊ. आम्ही तर वाट पाहून राह्यलो होतो. चहाचं आधण ठेवलं होतं, पोरीनं वह्या काढून ठेवल्या होत्या." सर खोटं बोलत नव्हते आणि बाईही नाही. फोनवर ठरलं होतं "संध्याकाळी". सरांची संध्याकाळ साडेपाचची, उजेडात परत निघता यावं म्हणून. जुलै-ऑगस्टमध्ये निंदणाला गेलेल्या बाईची संध्याकाळ दिवेलागणीनंतरची. घरी येऊन, चूल पेटवून, हातपाय धुऊन ती साडेसातला मोकळी होते. साडेपाचला दाराला कडी होती, आणि साडेसातला सर दारव्ह्याला पोचले होते.

अकरापैकी पाच घरी हीच गोष्ट थोड्याफार फरकाने घडली होती. तीन घरी फोन आईने केला होता आणि वडिलांना सरांच्या येण्याची खबरच नव्हती. एका वडिलांनी तर सरांना दारातूनच "आत्ता नको" म्हणून परत पाठवलं, कारण अनोळखी माणूस वह्या घेऊन का आला ते त्यांना कळेना. दोन घरांना मधल्या दिवसांत गावातलाच बी.एस्सी. झालेला मुलगा मिळाला. फीचं कारण एकाच घराने सांगितलं. उरलेल्या चार घरांचा फोन लागला नाही आणि दोनदा जाऊनही गाठ पडली नाही. वहीत त्यांच्यापुढे "माहीत नाही" असंच लिहिलं. अशा घरांना फीच्या खात्यात टाकायचा मोह होतो, तो आवरा.

या अकरा भेटींना मला चार दिवस लागले. एवढ्या सगळ्या कामात वेळ घालवावा असं मला वाटतं ते हेच काम. पायऱ्या आणि बेरजा एका दुपारी होतात, पण "संध्याकाळी" या शब्दाची भानगड कुठल्याही बेरजेत दिसली नसती.

एकच जागा दुरुस्त करा, आणि परत मोजा

आम्ही फक्त डेमोच्या पायरीला हात लावला. डेमो दोन दिवसांच्या आतच द्यायचा, नाही जमलं तर तसं स्पष्ट सांगायचं. वेळ आकड्यात ठरवायची: "साडेसात वाजता येतो, तुम्ही दोघं असाल ना?" या एका वाक्यात वेळही पक्की होते आणि वडील घरी असतील का तेही कळतं. डेमोच्या दिवशी सकाळी आठच्या आत एक फोन, कारण त्यानंतर फोन वडिलांच्या खिशातून वावरात जातो, तिकडे रेंज नसते. आणि तो फोन शक्यतो वडिलांशीच, फक्त दोन वाक्यांचा: आम्ही कोण, आणि आज किती वाजता येतो. रात्री परत येण्याचा प्रश्न होता, त्यासाठी दूरची गावं एका सरांकडे दिली, ते त्याच बाजूला राहतात.

सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत 21 घरांनी चौकशी केली. 13 घरांनी डेमो ठरवला, 10 घरी झाला. आधी 34 पैकी 19 होता. मला हे सुधारल्यासारखं वाटतं, पण खात्रीने म्हणणार नाही. तेरा घरं थोडी आहेत. शिवाय सप्टेंबरमध्ये निंदण बरंच सरलेलं असतं, बायका लवकर घरी येतात, म्हणजे कडी लागलेली दारं तशीही कमी झाली असती. पुढे सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की चौकशाच आटतात. खरी तुलना पुढच्या जुलै-ऑगस्टशीच करता येईल, त्याच कामाच्या दिवसांत. म्हणून या वर्षीची वही जपून ठेवली आहे.

एकाच वेळी दोन-तीन पायऱ्या बदलू नका. डेमो लवकर दिला आणि फीही कमी केली, तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही, आणि कमी केलेली फी मात्र परत वाढवता येत नाही.

फीबद्दल थोडं

फीचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. तो वेगळ्या पायरीवर निघाला. फोनवर बाई पहिल्याच वाक्यात विचारतात, "घेता किती?" आम्ही "सर येऊन सांगतील" म्हणत होतो. बोलणं होऊन दिवस न ठरवलेल्या 15 घरांच्या "काय म्हणाले" रकान्यात सहा ठिकाणी फीचा प्रश्न नोंदलेला आहे, आणि त्यापुढे आमचं हे टाळलेलं उत्तर. त्या घरांना अजून विचारायचं आहे, त्यामुळे कारण तेच होतं असं आत्ता म्हणता येत नाही. पण आता तपासायची पुढची पायरी तीच.

फीची दुसरी जागा शेवटची. सुरू झालेल्या 14 पैकी दोन घरं दुसऱ्या महिन्यात थांबली, आणि दोघांनीही कापूस विकला की देतो असं म्हणून शिकवणी थांबवली. आमच्याकडे कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास जोर धरते, पैसा त्यानंतर हातात येतो. ऑगस्टमध्ये रोख फी मागणं हे त्या घराच्या पैशाच्या वेळेशी जुळत नाही. दोनच घरं असल्यामुळे मी यावरून नियम करणार नाही. पण या दोन ओळींपुढे लाल पेनने खूण केली आहे, आणि नव्या वहीत एक जास्तीचा रकाना आखला आहे: "पैसा कधी येतो?" डेमोच्या दिवशी वडिलांना तेवढं विचारून तिथे लिहायचं.